बावीस अक्षरे आणि एक पिंप

गणपती उठले की आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात कॅलेंडरांचा नमुना-संच येतो. लक्ष्मी, बालाजी, हिरवे डोंगर, कुरळ्या केसांचे बाळ अशी चित्रे आधीच छापलेली असतात. आपण एक पसंत करायचे आणि खालच्या कोऱ्या पट्टीवर दुकानाचे नाव गावातल्या छापखान्यातून छापून घ्यायचे. यंदा दुकानाच्या अप्पांनी लक्ष्मी निवडली आणि मला, म्हणजे निवृत्त मराठी शिक्षकाला, बोलावून सांगितले, "सर, पट्टीवर जरा जागा उरती. पाणी वाचवा म्हणून चार ओळी द्या. यमक मात्र पाहिजे."

उरलेली जागा मी पट्टीने मोजली. दुकानाचे नाव, "सर्व प्रकारचा किराणा माल होलसेल व किरकोळ भावात मिळेल", मोबाइल क्रमांक आणि "एकवेळ अवश्य भेट द्या" यांच्यामधून जेमतेम दोन बोटे उंचीची मोकळीक होती. भिंतीवरचा मजकूर चार पावलांवरून वाचता यायचा असेल, तर एवढ्या जागेत लांब ओळी चालत नाहीत. म्हणून मी मोठ्या अभंगाचा साचा घेतला. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. जोडाक्षर एकच मोजायचे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवायचा नाही, त्यामुळे हा साचा गल्लीतल्या कोणालाही तोंडी पेलतो. एकूण बावीस अक्षरे झाली आणि शेवटचा चरण तोकडा असल्यामुळे वाचणारा तिथे आपसूक थांबतो.

पहिला प्रयत्न दहा मिनिटांत झाला आणि तो तसाच होता.

पाणी हे जीवन
राखा त्याचे भान
थेंब मोलवान
वाचवावा

मोजणी चोख होती, पण हे वाचून कोणाच्याही हातातला तांब्या जागचा हलला नसता. अप्पांना मात्र ते आवडले आणि शेजारी पाण्याच्या आगगाडीचे छोटे चित्र टाकावे, असेही त्यांनी सुचवले. आमचे गाव लातूर असल्यामुळे ही सूचना अगदीच अस्थानी नव्हती. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा तिला दहा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी होते, म्हणजे एकूण पाच लाख लिटर. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार केला तर दर माणशी सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे एक मोठा तांब्या पडतो. पण आगगाडी पाहून लोक हळहळतात आणि वळून मोरीत बादली ओततात, हे मी घरोघरी पाहिले असल्याने चित्राला नकार दिला.

मला खरी ओळ सापडली ती आमच्याच घरातल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी सुटते, कधी दहा दिवसांनी, आणि ज्या दिवशी सुटेल त्या तारखेच्या चौकटीत सौ. पेन्सिलीने "नळ" असे लिहून ठेवते. दूध खाडा, सिलिंडर लावला आणि नळ आला, या तीन नोंदींसाठीच हे कॅलेंडर भिंतीवर टिकून असते. देवीचे चित्र हा त्यातला निव्वळ मान आहे. नळ आल्याच्या पहाटे सगळ्या गल्लीत एक विशिष्ट आवाज होतो. तो पाणी भरण्याचा नसतो, तर ओतून देण्याचा असतो. आठवडाभर काटकसरीने पुरवलेले, पिंपाच्या तळाशी उरलेले तीन-चार कळशा पाणी "शिळे" म्हणून गटारात जाते आणि त्या जागी नवे भरले जाते.

हा "शिळे" शब्द आपण भाकरीवरून पाण्यावर आणला आहे. पाणी भाकरीसारखे आंबत नाही. झाकलेल्या स्वच्छ भांड्यात ते चांगले राहते. त्यातला क्लोरिनचा वास उडतो एवढेच, आणि त्यानंतर कोणी त्यात हात किंवा उष्टे भांडे बुडवले तर मात्र ते बिघडते. म्हणून लांब दांड्याचे ओगराळे आणि घट्ट झाकण एवढी काळजी पुरते, असे मला वाटत होते. त्या भरात दुसरा प्रयत्न उतरला.

शिळे नसे पाणी
झाकून ठेवावे
उद्याही ते प्यावे
बिनघोर

हा मी दुकानात मोठ्याने वाचला. साखर घ्यायला आलेल्या आशाताईंनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सर, हे छापू नका. आम्ही दर आठवड्याला दारोदार जाऊन पिंप रिकामे करा म्हणून सांगतो, आणि तुम्ही 'बिनघोर' लिहिता." आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो, हे मी ऐकून होतो, पण त्यामागचे गणित त्यांनी तेव्हा सांगितले. डेंग्यूचा डास घाणीत नव्हे, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आमच्या दोन नळांमधले अंतर त्याला नेमके पुरते. शिवाय अंडी पाण्यावर तरंगत नाहीत. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा तिथवर चढले की फुटतात. त्यामुळे नुसते ओतून काम होत नाही, आतून घासावे लागते.

म्हणजे गल्लीतल्या बायका पिंप रिकामे करत होत्या, हे बरोबरच होते. चूक एवढीच होती की, पाणी गटारात जात होते आणि पिंप बहुधा घासले जात नव्हते. बावीस अक्षरांत आता हे दोन्ही बसवायचे होते. मला दोन दिवस लागले.

पिंप घासताना
जुने जे उरले
झाडांना पुरले
तरी खूप

"ओतताना" ऐवजी "घासताना" हा शब्द आशाताईंमुळे आला आणि कवितेतला तोच सर्वांत उपयोगी आहे, असे मी मानतो. तिसऱ्या चरणावर अप्पांच्या मुलाने शंका काढली की "पुरले" म्हणजे गाडले असाही अर्थ होतो. होतो खरा, पण झाडांना कोणी पाण्यात पुरत नाही. माझी स्वतःची अडचण वेगळी होती. आमच्या गल्लीत झाडे म्हणजे घरटी एक तुळस आणि फार तर कोरफड. तीन कळशा पाणी त्यांना जास्तच होते. त्या पाण्याची खरी जागा संडासच आहे, कारण तिथे रोज बादल्यांनी पाणी लागते आणि ते नवे असण्याची काहीच गरज नसते. "संडासा" ही तीन अक्षरे मोजणीत सहज बसतही होती. पण वर कमळात बसलेली लक्ष्मी पाहून अप्पांनी हात जोडले आणि मीही आग्रह धरला नाही. तो चरण आशाताई दारोदार तोंडी सांगतील, असे ठरले.

डिसेंबरच्या अखेरीस महिन्याच्या बिलाबरोबर खातेदारांना कॅलेंडरे वाटली गेली. छापखान्याने जागा वाचवण्यासाठी चार चरणांच्या दोन ओळी केल्या होत्या आणि शेवटचा तोकडा चरण पुढच्या मजकुराला चिकटला होता. आता आमच्या भिंतीवर लक्ष्मीच्या पायाशी "झाडांना पुरले तरी खूप एकवेळ अवश्य भेट द्या" असे वाचता येते. त्याच्यावर, जानेवारीच्या सहा तारखेच्या चौकटीत, सौ.ने पेन्सिलीने "नळ" लिहिले आहे आणि त्याखाली, यंदा पहिल्यांदाच, "घासले".