उन्हाळी म्हणून काढलेले दोन दिवस आणि तिसरी रात्र: माझा अनुभव

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅबमध्ये मी लघवीच्या डब्या तपासते. तरी मे महिन्यात स्वतःला जळजळ सुरू झाली तेव्हा मीही घरच्यांसारखंच म्हटलं, उन्हाळी लागली असेल. दर अर्ध्या तासाला जावंसं वाटायचं, गेलं की चमचाभर लघवी, शेवटी चटका आणि ओटीपोटात दाब. ताप नव्हता. इथपर्यंतचं दुखणं मूत्राशयाचं असतं. धने-जिऱ्याचं पाणी आणि दुकानातून आणलेलं लघवीचं सिरप घेतलं. त्या सिरपने लघवीचा आंबटपणा कमी होतो, म्हणून चटका कमी होतो. जंतू मात्र तिथेच राहतात. मला बरं वाटलं ते एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी पाठ धरली. इथेच बहुतेकजण चुकतात, कारण मूत्राशयाच्या साध्या जंतुसंसर्गातही कंबरेत खाली, माकडहाडाच्या वर, बोथट दुखू शकतं. दिवसभर खुर्चीत बसून कंबर आखडते तेही तिथेच, आणि ते दुखणं वाकलं-वळलं की बदलतं, कूस बदलली की थोडं सुटतं. किडनीचं दुखणं त्याहून वर असतं: शेवटच्या बरगडीखाली, मणक्याच्या एका बाजूला. कसंही झोपलं तरी ते फारसं बदलत नाही. सासूबाईंनी त्या जागी तळहात ठेवून त्यावर मुठीने हळूच ठोकलं. डावीकडे काहीच नाही, उजवीकडे मी ओरडलेच. "इथंच दुखायलंय का गं?" त्यांनी विचारलं. एकाच बाजूला असं ठणकणं ही किडनीची खूण. पण ठोकल्यावर दुखलं नाही म्हणून किडनी सुटली, असंही धरू नये.

तिसऱ्या रात्री शंका उरली नाही. बाहेर गरम वारं असताना मी कूलर बंद करायला लावला, अंगावर वाकळ घेतली आणि तरी दात वाजत होते. थर्मामीटरवर १०२. मग उलटी. जळजळीसोबत थंडी वाजून १००.४ च्या वर ताप, बरगडीखाली दुखणं किंवा उलट्या, यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रात्र असली तरी. माझी चूक अशी की संध्याकाळी पाठ दुखते म्हणून पॅरासिटामॉल घेतली होती. तिने काही तास ताप दाबला.

गरोदर बाई, साखरेचा रुग्ण, मुतखडा असलेला किंवा कोणताही पुरुष असेल, तर नुसत्या जळजळीलाही थांबू नये. खडा अडकलाय आणि ताप आहे, लघवी जवळजवळ बंद झाली, किंवा माणूस गुंगीत बडबडतोय, तर सरळ मोठं हॉस्पिटल.

दवाखान्यात सलाइन लावण्याआधी मी डबी मागितली. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते पाहणं; त्याचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधीच घ्यावा लागतो, नंतर जंतू उगवतीलच असं नाही. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, काठाला बोट लावायचं नाही. दोन तासांत लॅबला पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. आमच्याकडे खेड्यातून दुपारच्या उन्हात एसटीने आलेल्या डब्या येतात. वाटेतच जंतू इतके वाढतात की रिपोर्टला अर्थ राहत नाही.

साध्या तपासणीत माझ्या पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, २५-३० आल्या, पाचपर्यंत चालतात. मात्र हा आकडा संसर्ग आहे एवढंच सांगतो, तो मूत्राशयात आहे की किडनीत हे सांगत नाही. ते ठरतं ताप आणि दुखण्याच्या जागेवरून.

गर्भ नाही ना, साखर किती, हे विचारून डॉक्टरांनी सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून सुरू केलं. दुसऱ्या रात्री ताप उतरला. ४८ ते ७२ तासांत उतार पडला नसता तर खडा किंवा पू शोधायला सोनोग्राफी लागली असती.

कल्चर दोन दिवसांनी आलं: ई. कोलाय. घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी होती, तिच्यासमोर 'R' म्हणजे निकामी. नायट्रोफ्युरँटॉइनसमोर 'S' म्हणजे चालणारी. मी म्हटलं, "सर, मग पुढं हीच स्वस्त गोळी द्या की." ते म्हणाले, "ती लघवीत उतरते, म्हणून मूत्राशयाला चांगली. किडनीच्या मांसात आणि रक्तात ती पुरेशी साठत नाही. प्लेटवर जंतू मरतो, तुमच्या किडनीत मरणार नाही." रिपोर्टवरची दुसरी गोळी त्यांनी लिहिली, आणि इंजेक्शन धरून एकूण दहा दिवस पुरे केले.