काकांची संहिता कोल्हापूरच्या तोंडी

पानशेतच्या पुरावर आम्ही आठ मिनिटांची फिल्म करत होतो. निवेदन नारायण पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांचं होतं. पूर आला तेव्हा ते सात वर्षांचे होते, त्यामुळे संहिता मी त्यांच्याच बोलण्यावरून लिहिली होती. शूटिंगला चार दिवस उरले असताना त्यांचा घसा बसला आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केली. ऐनवेळी मिळाली ती सत्तावीस वर्षांची, मूळची कोल्हापूरची मुलगी.

मला वाटलं, 'मी उभा आहे'चं 'उभी आहे' केलं की झालं. क्रियापदं बदलायला वीस मिनिटं लागली. संध्याकाळी तिला वाचायला दिलं आणि तिसऱ्याच वाक्याला गाडी अडली. वाक्य असं होतं: 'बांधकाम पूर्ण न झालेलं पानशेतचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटून मुठेला आलेल्या महापुराने नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.' काका हे एका दमात म्हणायचे. 'फुटून'नंतर किंचित थांबायचे, आणि शेवटच्या 'गेल्या'पर्यंत ऐकणारा लटकलेला राहायचा. तिचा श्वास 'महापुराने'पाशीच संपला. दोनदा अडखळल्यावर ती म्हणाली, "दादा, हे वाचायला बरं आहे, पण असं कोण बोलतं?"

मग मी कागद बाजूला ठेवला. रेकॉर्डर चालू करून तिला म्हटलं, तुझ्या मावशीला फोनवर सांगतेयस असं समज आणि पानशेतचं काय झालं ते सांग. सात-आठ मिनिटं ती बोलली. रात्री मी ते जसंच्या तसं, 'म्हणजे', 'बघा', अर्धवट वाक्यं यांसकट उतरवून काढलं. काम कंटाळवाणं, पण घरी बसून मला जे सुचलं नसतं ते त्यात दिसलं. काका आधी विशेषणं रचून शेवटी कर्त्याला आणत. ही आधी गोष्टीचं नाव घेत होती, मग तिच्याबद्दल एकेक सांगत होती. शिवाय जोर द्यायचा असेल तिथे क्रियापद पुढे येई आणि कर्ता मागून. त्यावरून ते वाक्य असं झालं: 'पानशेतचं धरण मातीचं. काम अजून पुरं व्हायचं होतं. त्यात पावसाळा आला. १२ जुलैला सकाळी फुटलं ते. मग खालचं खडकवासलाही गेलं, आणि पाणी थेट पेठांत.'

इथे माझ्या अंगात हुशारी आली. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, तीही म्हणते. मी संहितेत दोन ठिकाणी 'मी आलो' घातलं आणि अकरा जागी 'बघा' पेरलं. ते वाचून ती हसली नाही. "घरी मी 'आलो' म्हणतो, कॅमेऱ्यासमोर म्हणत नाही. आणि हे 'बघा' लिहून दिलंत की माझी नक्कल केल्यासारखं वाटतं." खरं होतं. 'बघा' तिच्या तोंडी विचार करताना येतो; छापलेला 'बघा' वाचताना विचार थांबलेला असतो, म्हणून तो खोटा लागतो. अकराही काढले. शूटिंगच्या वेळी तीन-चार आपोआप आलेच, ते ठेवले. तेव्हापासून मी नवीन माणसाचा शब्दक्रम आणि वाक्याची लांबी घेतो, लकबी मात्र लिहीत नाही.

खरी अडचण शेवटच्या मिनिटाची होती. 'आमच्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा आईने मला माळ्यावर चढवलं' हे काकांचं वाक्य तिला कसं देणार? 'एका रहिवाशाने सांगितलं' असं करून पाहिलं, तर बातमीपत्र झालं. जेवताना सहज विचारलं, तू कधी पूर पाहिलायस का? तिने ऑगस्ट २०१९ची पंचगंगा पाहिली होती. "पाणी चढताना भीती वाटते. पण उतरल्यावर कपाट उघडलं, तर आत चिखल. साड्यांच्या घड्या तशाच, मध्ये मध्ये चिखल." हे एकही अक्षर न बदलता घेतलं. काकांची आठवण पुढे त्यांच्या नावाने आली: 'काका तेव्हा सात वर्षांचे. आईने माळ्यावर चढवलं त्यांना.'

संकलनात एक भुर्दंड पडला. काकांचे थांबे वाक्याच्या पोटात होते, हिचे वाक्यांच्या मध्ये. आधीच कापून ठेवलेली जुन्या छायाचित्रांची दृश्यं त्यामुळे चुकीच्या शब्दांवर बदलू लागली. त्या भागाचं संकलन नव्याने करावं लागलं, दीड दिवस गेला.

काकांना फिल्म पाठवली. बोलायची बंदी होती, म्हणून मेसेज आला: 'मुलगी छान बोलते. पण "पुरं" नव्हे, "पूर्ण".'

'पुरं' मी तसंच ठेवलं आहे.