6,800 फॉलोअर्स आणि दोन पानांचं मीडिया किट

माझं इन्स्टाग्राम पेज फवारणी पंपांवर आहे. दारव्हा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती, आणि जोडीला मी बॅटरीवरचे पंप दुरुस्त करतो. त्याचेच रील टाकतो: नोझल कसं साफ करायचं, हंगाम संपल्यावर बॅटरी कशी ठेवायची, डायफ्राम फाटला हे नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं. फॉलोअर्स 6,800. गेल्या एप्रिलात अकोल्याकडच्या एका छोट्या पंप कंपनीला मीच मेसेज केला की तुमच्या पंपाचा पैसे घेऊन व्हिडिओ करीन. उत्तर एका ओळीचं आलं: "मीडिया किट पाठवा."

एप्रिल मी मुद्दाम धरला होता. मृगाच्या आधी कंपनीचा माल डीलरकडे जातो, जाहिरातीचा पैसाही तेव्हाच ठरतो. जुलैत फवारणी सुरू झाल्यावर विचारलं, तर "पुढच्या वर्षी पाहू" हेच ऐकायला मिळतं.

मीडिया किट म्हणजे आपण कोण, कोणासाठी व्हिडिओ करतो, ते किती लोक पाहतात, आपण काय करून देऊ आणि किती पैसे घेऊ, हे सांगणारा एक कागद. मोठ्या क्रिएटरचं दहा पानांचं असतं. माझ्या मते आपल्यासारख्याचं एक पान पुरतं, फार तर दोन. तो कागद उघडणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीचा मालक किंवा त्याचा भाचाच असतो, आणि तोही मोबाइलवर पाहतो.

खरं काम आकड्यांचं. अकाउंट प्रोफेशनल केलं की इनसाइट्स दिसतात. मी मागच्या अकरा रीलचे व्ह्यूज वहीत चढत्या क्रमाने लिहून काढले: 2,100, 2,600, 2,900, 3,100, 3,400, 3,800, 4,200, 4,700, 5,600, 6,300 आणि 1,84,000. शेवटचा आकडा पोळ्याचा. तोरणाखाली आमच्या शेजारच्यांचा बैल बुजला, धावला, मी शूट करतच होतो. या अकरांची सरासरी काढली तर 20 हजारांच्या वर जाते. ती किटात टाकायचा मोह होतो, आणि बरेच जण टाकतातही. पण कंपनीचा व्हिडिओ 20 हजारांवर जाणार नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि पंधरा दिवसांनी त्यांनाही कळतं. म्हणून मी मधला आकडा घेतला. चढत्या रांगेत बरोबर मधला, म्हणजे सहावा: 3,800. किटात लिहिलं, "मागच्या 11 रीलपैकी निम्म्या रील 3,800 किंवा त्याहून जास्त वेळा पाहिल्या गेल्या." बैलाची रील लपवली नाही, तिचा उल्लेख खाली वेगळ्या ओळीत केला. त्या रीलचे प्रेक्षक जवळपास सगळे फॉलोअर नसलेले होते. त्यांना पंपाशी काही घेणंदेणं नाही.

व्ह्यूजपेक्षा मला जास्त भरवसा सेव्ह आणि शेअरवर आहे. दुरुस्तीचा व्हिडिओ माणूस सेव्ह करतो, कारण पंप बंद पडेल तो भर हंगामात, आणि तेव्हा त्याला तो परत काढायचा असतो. नोझल साफ करण्याची रील 3,400 अकाउंटपर्यंत पोचली. तिला 142 लाइक, 38 कमेंट, 61 शेअर आणि 95 सेव्ह, एकूण 336. भागिले 3,400, म्हणजे 9.9 टक्के. याला एंगेजमेंट रेट म्हणतात. पण हेच 336 फॉलोअर्सच्या आकड्याने भागले की 4.9 टक्के येतं. दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे कशाने भागलं ते शेजारी लिहायलाच पाहिजे. लिहिलं नाही तर समजदार माणूस आपण सोयीचा आकडा घेतला असंच धरून चालतो. मी "रीचवर 9.9 टक्के" असं लिहिलं आणि त्या रीलच्या इनसाइट्सचा स्क्रीनशॉट तारखेसह दुसऱ्या पानावर लावला.

आता प्रेक्षक कुठले, हा प्रश्न. पंप कंपनीसाठी हाच सगळ्यात मोठा, कारण त्यांचे डीलर अमरावती विभागातच आहेत. इन्स्टाग्राम शहरांची यादी देतं. माझ्या यादीत अमरावती 11.2 टक्के, नागपूर 10.5, यवतमाळ 8.9, पुणे 8.1, अकोला 6.4. पण हे ठिकाण अंदाजाने काढलेलं असतं. खेड्यातला माणूस तिथे जवळच्या किंवा भलत्याच शहराच्या नावावर दिसू शकतो, त्यामुळे नागपूरचे साडेदहा टक्के सगळे नागपूरकर आहेत असं मी म्हणू शकत नव्हतो. पुण्यातल्यांत इकडून कामाला गेलेली पोरं बरीच असावीत, पण हा माझा कयास, तो किटात टाकला नाही.

मग दुसरा पुरावा लागला. स्टोरीवर पोल टाकला: "औंदा काय पेरता? कापूस, सोयाबीन, तूर, शेती नाही." दुसरा टाकला, "पंप कोणता वापरता? हातपंप, बॅटरी, पेट्रोल." निकालाचे स्क्रीनशॉट ठेवले. शिवाय कमेंटमधून "हे नोझल कुठी भेटते" असं विचारणारे आणि गावाचं नाव सांगणारे निवडले, त्यांची नावं-फोटो पुसले आणि चार कमेंट किटात लावल्या. नंतर फोनवर मालक त्याच कमेंटवर थांबला. म्हणाला, "भाऊ, हे गिऱ्हाइकच हाय ना."

रचना माझ्या धाकट्या बहिणीने मोबाइलवर कॅनव्हात केली. दोन गोष्टी तिने सांगितल्या म्हणून बऱ्या झाल्या. एक, फॅन्सी मराठी फॉन्ट घेऊ नको, काही फॉन्टमध्ये जोडाक्षरं आणि रफार तुटतात. "दुरुस्त्या", "पर्याय" असे शब्द लिहून आधी बघ. मुक्ता घेतला, नीट आला. दुसरं, "दादा, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नको." फोटो दाबला जातो, बारीक आकडे पुसट होतात आणि लिंकही चालत नाही. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवली. फाइलच्या नावात माझ्या पेजचं नाव आणि महिना आहे. नुसत्या "मीडिया किट" नावाच्या दहा फाइल त्या माणसाच्या फोनमध्ये पडलेल्या असतात.

"काय करत नाही" अशी एक ओळही टाकली: कीटकनाशकाची जाहिरात घेत नाही, आणि मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांशिवाय फवारणी दाखवत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते इथे कोणी विसरलेलं नाही. त्या ओळीने एखादं काम जाईल, जाऊ दे. खालीच आणखी एक ओळ: पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर व्हिडिओवर पेड पार्टनरशिपचं लेबल लागेल. जाहिरात आहे हे सांगणं बंधनकारक आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेचे नियम 2021 चे, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. "लेबल नका लावू, लोक पाहत नाहीत" असं म्हणणारा भेटतोच. किटात आधीच लिहिलेलं असलं की ती हुज्जत तिथेच मिटते.

रेट लिहायचा की नाही यावर दोन मतं आहेत. "बोलून ठरवू" लिहिलं की मोठी कंपनी जास्त देईल, असं काही जण सांगतात. माझ्याकडे मोठी कंपनी येत नाही. लहान मालकाला आकडा दिसला नाही की तो फोनच करत नाही. मी लिहिला. शूटिंगला माझा एक दिवस आणि कॅमेरा धरणाऱ्या मित्राचा एक दिवस जातो, एडिटिंगला दोन संध्याकाळी. त्यावरून एका रीलचे 4,000, त्यात तीन स्टोरी आणि एकदा दुरुस्ती. दुसऱ्यांदा शूट लागलं तर पैसे वेगळे. निम्मे आधी, निम्मे व्हिडिओ टाकल्यापासून सात दिवसांत.

मालकाचा फोन आला तेव्हा पहिली ऑफर होती, "पंप ठेवून घ्या, साडेतीन हजाराचा हाय, त्यातच करा." मी म्हटलं, पंप वापरून पाहिल्याशिवाय मला बोलताच येणार नाही, तो तर लागेलच. नंतर परत न्या नाहीतर ठेवा, रेट तोच. मग तो सहज म्हणाला, "व्हिडिओ आमच्या पेजवर टाकू, डीलरच्या दुकानात टीव्हीवरही लावू. आणि या सीझनले दुसऱ्या कंपनीचा पंप दाखवू नका."

या दोन वाक्यांत रीलपेक्षा मोठा सौदा होता. व्हिडिओ माझ्या पेजवर टाकणं एक आणि कंपनीने तो आपल्या जाहिरातीत वापरणं दुसरं. किटात मी वापराचा हक्क 30 दिवसांचे 1,500 असा वेगळा लिहिला होता. मुदत नसेल तर तोच व्हिडिओ पाच वर्षं दुकानात चालेल, आणि तोवर तो पंप बंद होऊन नवीन मॉडेल आलेलं असेल, तरी चेहरा माझाच. दुसरी अट जड होती. फवारणीचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे पूर्ण हंगामभर दुसरा पंप दाखवायचा नाही म्हणजे माझं वर्षच गेलं. शिवाय मी दुरुस्तीवाला, माझ्याकडे सगळ्या कंपन्यांचे पंप येतात. म्हणून फरक असा केला: दुसऱ्या कंपनीची पैसे घेतलेली जाहिरात जुलै महिनाभर करणार नाही, त्याचे 2,000, दुरुस्तीच्या रीलमध्ये जो पंप येईल तो दिसेलच. त्याने थोडी कुरकुर केली, "तुमी लय हिशोबी दिसता", पण मानलं. 4,000, 1,500 आणि 2,000 मिळून 7,500 ठरले. सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं, 3,750 आगाऊ आले, मग शूटिंगला हात लावला.

रील 4,400 वर गेली. मधल्या आकड्याच्या जवळच, त्यामुळे मालकाने तोंड वाकडं केलं नाही. सात दिवसांनी पोच, सेव्ह आणि "कुठी भेटते" विचारणाऱ्या कमेंट यांचे स्क्रीनशॉट मी न मागता पाठवले, आणि त्याच दिवशी उरलेले पैसे आले. ती रील आता किटात "केलेलं काम" या मथळ्याखाली लिंकसह आहे, कंपनीला विचारून.

आकडे मी तीन महिन्यांनी बदलतो. रब्बीत पंपाचे व्ह्यूज पडतात, मधला आकडा 2,500 च्या आसपास येतो. तेव्हा तोच लिहितो आणि शेजारी खरिपाचाही ठेवतो, दोन्हींवर महिने घालून. सध्या ठिबकच्या पाइपवाल्या एका दुकानदाराशी बोलणं चालू आहे. त्याला रीलपेक्षा दुकानात येऊन बसवण्याचं प्रात्यक्षिक शूट करून हवंय. त्याचा रेट किटात नाही, तो आता काढायचाय.