गुऱ्हाळाचं चाक आणि १० टक्क्यांचा हिशोब: पंचिंग प्रेस, नोंद चौथी

मागच्या नोंदीत प्रेसची बॉडी उभी राहिली होती. क्रँक, रॅम, चावीचा क्लच सगळं जागेवर. राहिलं होतं फ्लायव्हील. ते कसं निवडलं, कुठं चुकलो आणि चूक कशी सापडली, एवढंच या वेळी.

आधी काम सांगतो. उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना ३ मिमी पत्र्याची ब्रॅकेट लागतात, त्यात २० मिमीचं एक भोक. माइल्ड स्टीलची कातरण ताकद ३६० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली. भोकाचा घेर गुणिले जाडी गुणिले ही ताकद, म्हणजे साधारण ६८,००० न्यूटन, सात टनाच्या आसपास. पण फ्लायव्हीलला टनाशी देणंघेणं नसतं, त्याला ऊर्जा लागते. पंच पत्र्यात शिरताना जोर वर चढतो आणि पुन्हा उतरतो. त्याचा त्रिकोण धरला तर अर्धा जोर गुणिले ३ मिमी, म्हणजे १०२ जूल. गाइडचं घर्षण आणि पंच बाहेर ओढायला लागणारा जोर धरून मी एका भोकाला १२० जूल लावले.

आता ही ऊर्जा किती वेळात द्यायची ते बघा, फ्लायव्हील कशाला लागतं ते इथंच कळतं. स्ट्रोक ४० मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या २०. पंच डायमध्ये १ मिमी खाली जातो. म्हणजे तळापासून ४ मिमी वर असताना पंच पत्र्याला टेकतो आणि १ मिमी वर असताना काम संपतं. क्रँकच्या कोनात हे ३७ अंशांपासून १८ अंशांपर्यंत, जेमतेम १९ अंश. १२० आरपीएमला एक फेरा अर्ध्या सेकंदाचा, त्यातला पंचिंगचा वेळ ०.०२६ सेकंद. फ्लायव्हील नसेल तर तेवढ्या वेळात १२० जूल द्यायला सहा एचपीची मोटर हवी. तेच १२० जूल पूर्ण फेऱ्यात पसरले तर २४० वॅट. मी अर्धा एचपीची सहा पोलची मोटर लावली आहे. प्रत्यक्ष पंचिंग चालू असताना मोटरचा वाटा पाच टक्के, बाकीचे ११४ जूल चाकानं द्यायचे.

चाक ऊर्जा देतं ते वेग घालवून. किती वेग घालवू द्यायचा, ही मर्यादा आपण ठरवायची. सर्वात जास्त आणि सर्वात कमी वेगातला फरक भागिले सरासरी वेग, हा चढउताराचा गुणांक. I म्हणजे चाकाचं जडत्वाघूर्ण, फिरणाऱ्या चाकाचा वेग बदलायला होणारा विरोध. ΔE म्हणजे चाकानं द्यायची ऊर्जा, Cs म्हणजे हा गुणांक आणि ω म्हणजे सरासरी वेग, रेडियन प्रति सेकंदात. सूत्र एवढंच:

```
I = ΔE / (Cs × ω²)
```

इथं एक खड्डा आहे. "वेग १० टक्क्यांपेक्षा जास्त बदलू नये" म्हणजे वरपासून खालपर्यंतचा सगळा फरक १० टक्के, Cs = 0.1. "सरासरीच्या वर-खाली १० टक्के" म्हणजे Cs = 0.2. दोन्ही वाक्यं ऐकायला सारखीच, पण चाकाचं वजन एकदम दुप्पट-निम्मं होतं. पंचिंगच्या मशीनला 0.2 पर्यंत चालतं, असं पुस्तकं सांगतात. मी 0.1 धरलं, त्याचं कारण मोटर, ते पुढं येईलच. १२० आरपीएम म्हणजे ω = 12.57, तेव्हा I आलं ७.२ किलोग्रॅम-मीटर वर्ग.

चाक मिळालं भंगारात. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या जुन्या ऑइल इंजिनचं, बिडाचं, सहा आऱ्यांचं. बाहेरचा व्यास ६०० मिमी, रिम ७५ मिमी रुंद आणि ६० मिमी जाड. काट्यावर ७० किलो भरलं. घासून धुतलं तरी एका कोपऱ्यात गुळाची काळी खापरी चिकटलेली होती, ती पाण्यानं सुटेना, छिन्नीनं काढावी लागली. दोरीला टांगून हातोडीनं वाजवलं, घंटेसारखं खणखणीत वाजलं. तडा असता तर बदबद आवाज आला असता.

मग मी उत्साहात हिशोब केला. ७० किलो, त्रिज्या ०.३, तिचा वर्ग ०.०९, I झालं ६.३. हवं होतं ७.२. म्हणजे चढउतार साडेअकरा टक्के. म्हटलं, चालवून घेऊ.

चाक चढवलं. बेल्ट सरळ रिमवरूनच घेतला आहे, मोटरला ७५ मिमीची पुली. चाक रिकामं १२४ आरपीएमनं फिरत होतं. पहिल्याच भोकाला बेल्ट किंचाळला आणि चाकाला जणू कुणी मागून धरल्यासारखं झालं. भोक पडलं, पण चाल बिघडली ती डोळ्यांनाही दिसत होती.

नजरेवर भरवसा नको म्हणून रिमच्या बाजूला समान अंतरावर १२ बोल्टची डोकी बसवली, समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर, आणि आर्दुइनोनं दोन बोल्टमधला वेळ मोजला. रिकामं फिरताना ४०.३ मिलिसेकंद. पंच झाल्यावर ४८.८. म्हणजे १२४ वरून १०२ आरपीएम, चढउतार १९ टक्के. हिशोबात साडेअकरा, मशीनवर एकोणीस. आधी वाटलं पत्रा कडक असेल, मग वाटलं पंच बोथट असेल. दोन दिवस त्याच्याच मागं होतो.

उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये आमचे एक आण्णा आहेत, आयुष्यभर टर्निंग केलेले. त्यांना माझा कागद दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "सगळं वजन काठावर धरलंस व्हय? मग आरे नि बॉस काय थर्माकोलचे हाईत?"

खरंच की. बाहेरच्या काठाची त्रिज्या लावून मी ७० किलो तिथं नेऊन ठेवलं होतं. नीट मांडलं तर असं निघतं. रिम बाहेरून ०.३० आणि आतून ०.२४ मीटर, तिचं वजन ५५ किलो. रिमला त्रिज्येच्या वर्गाची सरासरी लागते, (०.०९ + ०.०५७६) भागिले २, म्हणजे ०.०७३८. रिमचं I आलं ४.०६. उरलेले १५ किलो आऱ्यांत आणि बॉसमध्ये, म्हणजे शाफ्ट बसतो त्या मधल्या भागात, आणि त्या १५ किलोंचं I सगळं मिळून ०.२१. म्हणजे वजनातला पाचवा हिस्सा असूनही चाकाच्या कामात त्याचा वाटा पाच टक्के. एकूण ४.२७. माझ्या आकड्याच्या दोन तृतीयांश.

पण ओतीव चाकाची मापं कधी कागदासारखी नसतात, रिम आतून उतरती असते, आरे निमुळते असतात. म्हणून आण्णांनी चाक उतरवून टांगायला लावलं. लेथच्या टूलबिटची धार वर करून शिकंज्यात घट्ट पकडली आणि दोन आऱ्यांच्या मधून रिमची आतली बाजू त्या धारेवर टेकवली. सत्तर किलोंचं लोलक. इकडून तिकडं हातभर नाही, चार बोटं झुलू द्यायचं, जास्त झुलवलं की वेळ बदलतो. वीस झोके मोजले, २८.२ सेकंद. पुन्हा मोजले, पुन्हा तेवढेच. एका झोक्याला १.४१.

```
T = 2π √((I + m d²) / (m g d))
```

इथं m ७० किलो आणि d ०.२४ मीटर, धारेपासून मध्यापर्यंतचं अंतर. यातून I आलं ४.२७, कागदावरचाच आकडा. I खरंच ६.३ असतं तर वीस झोक्यांना साडेएकतीस सेकंद लागले असते. तीन सेकंदांचा फरक मोबाइलच्या स्टॉपवॉचवरही चुकत नाही. भंगारातलं चाक घेणाऱ्यांनी बसवण्याआधी ही अर्ध्या तासाची चाचणी करावी. मी नंतर केली, म्हणून चाक दोनदा चढवावं लागलं आणि पाठ धरली ती वेगळीच.

आता कमी पडलेलं कसं भरायचं? एक वाट म्हणजे रिमला कडं बोल्ट करायचं. ७.२ गाठायला आणखी ४० किलो लागले असते, आणि माझ्या बेअरिंगवर तेवढं मला नको होतं. दुसरी वाट वेगाची. सूत्रात ω चा वर्ग आहे, वजनाचा नाही. मोटरची पुली ७५ ऐवजी १०० मिमीची लावली. चाक १२४ वरून १६५ आरपीएमवर गेलं, साठवलेली ऊर्जा ३६० जूलवरून ६३७ वर. काठाचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वापाच मीटर. बिडाच्या चाकाला तो किरकोळ आहे, रिम फुटायची भीती त्याच्या कितीतरी पुढं सुरू होते. याची किंमत एवढीच की चावीचा क्लच आता जास्त जोरात आदळतो आणि स्ट्रोक झटकन होतो. मी एक एक स्ट्रोकच घेतो, त्यामुळं हाताची घाई होत नाही.

उलटं कुणी प्रेस ६० आरपीएमला चालवणार असेल, तर १२० च्या मानानं चौपट I लागेल. म्हणूनच हळू चालणाऱ्या प्रेसमध्ये चाक क्रँकवर न ठेवता गिअरच्या मागच्या जलद शाफ्टवर ठेवतात.

नवीन पुलीवर मोजणी: पंचाआधी ३०.३ मिलिसेकंद, पंचानंतर ३३.६. म्हणजे १६५ वरून १४९. चढउतार १० टक्क्यांच्या जरा वर. वेगातल्या या फरकावरून उलट ऊर्जा काढली तर ११९ जूल येते. ११४ धरले होते, त्रिकोणाच्या अंदाजाला हे उत्तम. क्लच बसतानाही एक बारीक खाच दिसते, रॅमला जागेवरून उठवायला चाकाचे दोन-चार जूल जातात त्याची.

आता मोटर. बेल्टनं बांधलेली मोटर चाकाबरोबरच मंदावते. सहा पोलच्या मोटरचा मूळ वेग १००० आरपीएम, त्याच्या जितकी मागं पडते ती तिची स्लिप. चाक १० टक्के पडलं की मोटरची स्लिपही साधारण तेवढीच वाढते. माझ्या मोटरच्या नेमप्लेटवर पूर्ण लोडला ९२० आरपीएम आहे, म्हणजे स्लिप आठ टक्के. पंचानंतर ती ८९३ च्या आसपास जाते, तेव्हा क्षणभर दीडपटीच्या आत ओढ घेते आणि पाऊण सेकंदात चाकाला परत वेगावर आणते. पहिल्या पुलीवर हीच मोटर ८१५ पर्यंत खाली येत होती, बेल्ट किंचाळायचं कारण ते. एकानं सुचवलं, पाच एचपी लाव, भानगडच नको. पण मोठी मोटर ताठ असते, तिची स्लिप तीन-चार टक्के. ती चाकाला मंदावूच देत नाही, आणि चाक मंदावलं नाही तर ते ऊर्जाही देत नाही. सगळा झटका करंटमध्ये दिसतो. म्हणून मोठ्या प्रेसना मुद्दाम जास्त स्लिपच्या मोटरी देतात.

शेवटची एक नोंद. काल दुसरी डाय लावली, तिच्यात पंच फारच घट्ट बसतो. आकडा ३५.२ मिलिसेकंदांवर गेला, म्हणजे १४२ आरपीएम, ऊर्जा १६५ जूल. पत्रा तोच, भोक तेवढंच. पडलेला तुकडा उलटून बघितला तर कडेला एकाऐवजी दोन चकचकीत पट्टे, मधे खरबरीत रेघ. फट कमी असल्यानं वरून आणि खालून निघालेल्या भेगा एकमेकींना भेटत नाहीत आणि पत्रा दुसऱ्यांदा कातरला जातो. डाय सध्या ग्राइंडिंगला दिली आहे, बाजूला ०.२ मिमी फट ठेवायला सांगितली आहे. चाकाभोवतीची जाळी झाल्याशिवाय पुढची भोकं पाडायची नाहीत, असं आण्णांनी बजावलंय, त्यामुळं पुढचे दोन रविवार पत्र्याच्या पट्ट्या वाकवण्यात जाणार.