चिकूला वृद्धाश्रमात न्यायची तयारी : माझा अनुभव

आमची कुत्री चिकू तीन वर्षांची, गावठी आणि लॅब्रॅडॉर मिक्स, इतकी गरीब की अंगणातली मांजरंसुद्धा तिच्या ताटलीतलं खातात. म्हणून दापोलीजवळच्या एका वृद्धाश्रमात आजी-आजोबांना भेटवायला तिला न्यायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं की तयारी अशी काही लागणारच नाही. लशी झाल्या होत्या, परवानगी मिळाली, आदल्या दिवशी आंघोळ घातली आणि गेलो.

पहिल्या भेटीत ती अजिबात हलली नाही. आज्या हात फिरवत होत्या, ही पुतळ्यासारखी उभी, सगळे म्हणाले किती शहाणी आहे, आणि मी खूश. भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता तो नंतर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी एका जागी थांबवला आणि म्हणाले, हे बघा, तोंड घट्ट बंद, सारखी ओठ चाटतेय, मान फिरवलीय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, शेपूट खाली. ही शांत नाहीये, सहन करतेय. आणि सहन करणारा कुत्रा एखाद्या दिवशी गुरगुरला तर लोक म्हणतात अचानक झालं. मला खूपच वाईट वाटलं, कारण ती तर सांगत होती आणि मलाच कळलं नव्हतं.

मग भेटी थांबवल्या आणि घरी सुरुवातीपासून सुरू केलं. व्हिडिओत ती सगळ्यात जास्त दचकली होती वॉकरला. लादीवर ठक-ठक आवाज करत येणारी चार पायांची वस्तू तिने कधी बघितलीच नव्हती. शेजारच्या काकूंचा जुना वॉकर आणला आणि अंगणात नुसता ठेवला. ती स्वतःहून वास घ्यायला गेली की उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा द्यायचा (सुकट चालली असती पण हाताचा वास दिवसभर जात नाही). दोन-तीन दिवसांनी भाचा दहा-बारा पावलांवरून वॉकर उचलून टेकवायचा, आवाज झाला की लगेच चिकन. मग रोज थोडं थोडं जवळ. खूण एकच धरायची, तुकडा तोंडाशी आहे आणि तरी खात नाही म्हणजे आपण फार जवळ आलो, मुकाट्याने मागे जायचं. आम्ही एकदा घाई केली आणि चार दिवस मागे गेलो. एकूण तीन आठवडे लागले, शेवटी वॉकर बाजूने गेला तरी ती आरामात पडून राहायला लागली.

दुसरी गोष्ट 'सोड'. आश्रमात गोळ्या खाली पडतात, आणि माणसाची साधी पॅरासिटामॉलसुद्धा कुत्र्याला विषारी ठरू शकते. आधी बिस्किट मुठीत बंद ठेवायचं, ती चाटेल, नाकाने ढकलेल, आपण गप्प राहायचं. तिने नाक मागे घेतलं की 'सोड' म्हणायचं आणि दुसऱ्या हातातलं चिकन द्यायचं. जमायला लागलं की शब्द आधी म्हणायचा. मग बिस्किट जमिनीवर तळहाताखाली, मग उघडं, मग चालता चालता टाकलेलं. सोडलेली वस्तू तिला कधीच द्यायची नाही, नाहीतर ती फक्त थांबायला शिकते.

नखं कापून कानशीने गुळगुळीत करायची हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी असते, नुसत्या पंज्याने फाटते. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोची लस चुकवून चालतच नाही, गोचीड रोज बघायचे, पाय पुसून पूर्ण कोरडे केल्याशिवाय आत न्यायचं नाही कारण ओल्या लादीवर ती घसरते आणि माणसंही घसरतात.

दोन महिन्यांनी परत गेलो, यावेळी फक्त पंधरा मिनिटं ठरवून. समोरून नाही, खुर्चीच्या बाजूने न्यायचं. आजींनी हात फिरवायला सुरुवात केली की मी तीन सेकंदांनी म्हणायची, आजी जरा थांबा हं. हात थांबला की चिकू काय करते ते बघायचं. ती मान फिरवून बाजूला झाली तर बस झालं. त्या दिवशी आजींनी हात उचलला आणि हिने एक पाऊल पुढे येऊन हनुवटी सरळ त्यांच्या मांडीवर ठेवली, तोंड सैल, डोळे मिटलेले. आजी म्हणाल्या, "काय गो बाय, दमलीस होय?" आणि कितीतरी वेळ कानामागे खाजवत राहिल्या.

तिसऱ्या भेटीत वीस मिनिटं झाली आणि तिने लागोपाठ दोन जांभया दिल्या, अंग झटकलं, दाराकडे बघितलं. दोन खोल्या राहिल्या होत्या, शेवटच्या खोलीतले आजोबा दारातच वाट बघत उभे होते. मला अगदी जड गेलं, पण त्यांना सांगितलं आजोबा आज ती दमली, पुढच्या रविवारी पहिली तुमच्याकडे. आणि पुढच्या रविवारी खरंच त्यांच्याच खोलीपासून सुरुवात केली.