शून्यावरची हरकत
पूर्वपरीक्षेच्या बीजगणिताच्या एका उत्तरपत्रिकेवर आज हरकत आली. ती मीच तपासली होती, म्हणून फेरतपासणी आपण करावी, अशी चिठ्ठी मी सहकारी मॅडमना लिहिली.

x² − 7x + 5 = 0 हे समीकरण सूत्राने सोडवायचे होते, गुण ३. विद्यार्थिनीने सूत्र व किमती बरोबर मांडल्या, पण ४९ − २० ऐवजी ४९ + २० केले आणि पुढे ६९ धरून सर्व पायऱ्या अचूक सोडवल्या. शेवटच्या उत्तरात २९ चे वर्गमूळ दिसेना, म्हणून रात्री अकरा वाजता मी शून्य दिले (हे कारण आहे, सबब नव्हे). आता ते पान उघडले की नजर आधी माझ्याच लाल फुलीवर जाते आणि मन त्या शून्याची बाजू मांडू लागते.

म्हणून माझे गुण व खुणा कागदी पट्ट्यांनी झाकून काढलेली झेरॉक्स त्यांना दिली. हरकत कोणत्या प्रश्नावर आहे, हे चिठ्ठीत मुद्दाम लिहिले नाही. संपूर्ण उत्तरपत्रिका पायरीनिहाय तपासावी, कारण अन्यत्र माझ्याकडून गुण जास्तही पडले असतील, एवढेच कळवले. उद्या दोघींचे गुण शेजारी ठेवून, तफावत असेल तेथे नमुना उत्तर उघडून बसणार आहोत.