वीस पैशांची जाहिरात त्रेपन्न पैशांवर कशी आली

सांगलीत मी छोट्या दुकानांच्या जाहिराती लिहितो आणि रेकॉर्ड करून देतो. साड्या, शेतीची औषधं, क्लासेस, जे येईल ते. २०२४ मध्ये मिरज रस्त्यावरच्या एका इलेक्ट्रिक स्कूटर डीलरचं काम आलं. चाळीस सेकंदांचा ऑडिओ हवा होता. एफएमवर लागेल आणि तोच रिक्षाच्या भोंग्यावरून फिरेल, असा. शेठनी मजकूर स्वतःच तयार ठेवला होता: "फक्त २० पैशांत एक किलोमीटर! पाच वर्षांत लाखाची बचत!"

मी विचारलं, वीस पैसे आले कुठून? शेठनी माहितीपत्रक पुढे केलं. बॅटरी तीन किलोवॉट-अवर, म्हणजे तीन युनिटांची. रेंज १२० किलोमीटर. युनिटला आठ रुपये धरले की चोवीस रुपयांत १२० किलोमीटर, म्हणजे वीस पैसे. भागाकार अगदी बरोबर होता. पण त्यातला एकही आकडा गिऱ्हाइकाच्या घरचा नव्हता.

माहितीपत्रकावरची रेंज प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरावीक वेगाच्या चक्रात मोजलेली असते. तिथे समोरून वारा नसतो, मागे बायको बसलेली नसते आणि विश्रामबागेतला सिग्नलही नसतो. दुसरं म्हणजे, बॅटरीत तीन युनिट मावतात म्हणून भिंतीतल्या सॉकेटमधून तीनच युनिट जात नाहीत. चार्जर गरम होतो, बॅटरीही थोडी तापते. ती उष्णता मीटरवर चढते आणि बिलात येते. आणि आठ रुपयांचा दर कुठल्या बिलावरचा, हे शेठनाही सांगता येईना.

मी म्हटलं, आपण मोजूया. शेठ थोडे नाराज झाले, पण त्यांचा मेकॅनिक उत्साही निघाला. वर्कशॉपच्या चार्जिंग पॉइंटला त्याने सब-मीटर आधीच लावून ठेवला होता. डेमोची गाडी पूर्ण चार्ज केली, मीटरचा आकडा वहीत लिहिला आणि गाडी रोजच्यासारखी फिरू दिली. सांगली-मिरज, कुपवाड एमआयडीसी, गणपती पेठेतली गर्दी, कधी एकटा माणूस, कधी डबल सीट. बॅटरी दहा टक्क्यांवर आली तेव्हा ८० किलोमीटरच्या थोडं पुढे गेलो होतो. मग पुन्हा पूर्ण चार्ज केली. सब-मीटरवर ३.१ युनिट चढले होते. भागाकार केला तर युनिटला सव्वीस किलोमीटर आले. आम्ही पंचवीस धरले. बोलायला सोपा आकडा, आणि फरक पडलाच तर तो आपल्या विरुद्ध.

पेट्रोलच्या बाजूलाही तोच न्याय लावायला हवा होता. शेठ म्हणत होते, पेट्रोल स्कूटर चाळीसचंच ॲव्हरेज देते असं धरा. मी त्यांच्याच हिशेबनिसांची ११० सीसीची स्कूटर घेतली. काठोकाठ टाकी भरायची, चालवायची आणि पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची. किती लिटर मावलं, तेवढं जळलं. पंचेचाळीसच्या आसपास उतरलं. आम्ही पंचेचाळीसच धरलं. एका गाडीला माहितीपत्रकावरचा आकडा आणि दुसरीला ट्रॅफिकमधला, असं केलं तर पेट्रोल स्कूटर चालवणारा माणूस पहिल्या वाक्यालाच हसतो. त्याला त्याच्या गाडीचं ॲव्हरेज पाठ असतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो विजेच्या दरावर. शेठचं म्हणणं, महावितरणच्या बिलाची एकूण रक्कम घ्या आणि युनिटांनी भागा. पण बिलातला स्थिर आकार स्कूटर असो वा नसो भरावाच लागतो, तो स्कूटरच्या नावावर टाकायचं कारण नाही. उलट दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांचा दर सगळ्यात कमी, १०१ ते ३०० चा त्याच्या जवळपास दुप्पट, ३०० च्या पुढे आणखी जास्त. घरात पंखे, फ्रिज, मिक्सर आधीपासूनच आहेत. स्कूटर शेवटी आली. म्हणून तिची युनिटं नेहमी वरच्या टप्प्यात पडतात आणि सरासरी दर लावला की ती कागदावर फुकट स्वस्त होते.

हिशेबनिसांच्या घरचं बिल आम्ही टेबलावर पसरलं. महिना दीडशेच्या आसपास युनिट, म्हणजे मधला टप्पा. त्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, वर सोळा टक्के वीज शुल्क. सगळं धरून त्या वेळी एक जादा युनिट सव्वातेरा रुपयांना पडत होतं. शेठच्या स्वतःच्या घरी मात्र दोन एसी. त्यांचं बिल तीनशेच्या पार, आणि तिथे एक जादा युनिट अठरा रुपयांच्या घरात. त्याच गाडीची त्याच रस्त्यावरची वीज आपल्याला स्वस्त पडेल असं ते समजत होते, प्रत्यक्षात ती हिशेबनिसांपेक्षा महाग होती. हे पाहिल्यावर शेठनी वीस पैशांचा विषय पुन्हा काढला नाही. हिशेबनिसांच्या घरी किलोमीटरला त्रेपन्न पैसे येत होते.

आता त्रेपन्न पैसे जाहिरातीत कसे सांगायचे? "पेट्रोलला दोन रुपये तेहतीस पैसे, विजेला त्रेपन्न पैसे" हे वाक्य कागदावर ठीक आहे, पण चालत्या रिक्षातून ऐकणाऱ्याच्या कानात राहत नाही. आणि पैशांत कोणी विचारही करत नाही. माणूस विचार करतो तो महिन्याचा. म्हणून रोजचं अंतर आधी ठरवलं. मिरजेहून सांगलीच्या मार्केट यार्डात येणारा-जाणारा, संध्याकाळी भाजी आणि मुलांची शिकवणी, असे मिळून रोज तीस किलोमीटर. पंचवीस दिवसांचे साडेसातशे.

पेट्रोल: ७५० भागिले ४५, म्हणजे साधारण पावणेसतरा लिटर. पंपावर तेव्हा लिटरला १०५ रुपये. साडेसतराशे झाले.

वीज: ७५० भागिले २५, म्हणजे तीस युनिट. सव्वातेराने गुणले की ३९७ रुपये. चारशे.

वजाबाकी साडेतेराशे. साडेसतराशेतून चारशे गेले, हे भाजी निवडता निवडता ऐकणाऱ्या माणसालाही तोंडी जमतं. मी "पावणेदोन हजार" मुद्दाम टाळलं, कारण त्यातून चारशे वजा करायला क्षणभर थांबावं लागतं, आणि तेवढ्यात रिक्षा पुढे गेलेली असते.

शेठना यात अजून भर घालायची होती. इंजिन ऑइल नाही, म्हणजे सर्व्हिसिंगची बचत. ती खरीच असते, पण टायर आणि ब्रेक दोन्ही गाड्यांचे झिजतात, आणि चाळीस सेकंदांत दुसरा हिशेब घुसवला की पहिलाही पुसला जातो. पाच वर्षांच्या बचतीला मात्र मी सरळ नाही म्हटलं. साडेतेराशे गुणिले साठ महिने म्हणजे एक्याऐंशी हजार. लाख तर तिथेही होत नाहीत. आणि पाच वर्षं पेट्रोल आणि वीज आजच्याच दरात मिळेल, असं गृहीत धरून हा गुणाकार उभा राहतो. शिवाय गाडीच्या किमतीतला फरक आणि पुढेमागे बॅटरी बदलायची वेळ आली तर तिचा खर्च, हे सगळं बाहेर ठेवून. हे सगळं आत घेतलं तर जाहिरात राहत नाही, बाहेर ठेवून गुणाकार केला तर गिऱ्हाईक फसतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०२२ पासून ग्राहक संरक्षण कायद्याखाली वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, हे मी शेठना दाखवलं. त्याचा परिणाम माझ्या युक्तिवादापेक्षा जास्त झाला.

शेवटी रेकॉर्ड झालेला मजकूर असा:

(अडतीवरची गडबड, पोती टाकल्याचा आवाज. स्कूटर येऊन थांबते.)
बाळू: अण्णा, पेट्रोलला महिन्याला किती जातंय ओ?
अण्णा: रोजचे तीस किलोमीटर. साडेसतराशे जातात की.
बाळू: माझं पण तीसच. मला चारशे.
अण्णा: चारशे? आठवड्याला?
बाळू: महिन्याला! लाइटबिलात. एका युनिटात पंचवीस किलोमीटर, महिन्याला तीस युनिट.
अण्णा: म्हंजे साडेतेराशे...
बाळू: खिशात.
निवेदक: महिना साडेसातशे किलोमीटर, पेट्रोल एकशे पाच रुपये, वीज सव्वातेरा रुपये युनिट धरून. गाडीची किंमत यात नाही. तुमचं लाइटबिल घेऊन या, तुमचा हिशेब तुमच्यासमोर मांडू.
(दुकानाचं नाव आणि पत्ता.)

"गाडीची किंमत यात नाही" या वाक्यावर शेठ अडले. आपण होऊन का सांगायचं? मी म्हटलं, ते वाक्य घाईघाईत, बारीक आवाजात बोललं तर लोकांना लपवल्यासारखं वाटेल. म्हणून निवेदकाकडून ते बाकीच्या ओळींच्याच वेगाने वाचून घेतलं. चाळीस सेकंदांत बसवण्यासाठी पोत्यांचा आवाज निम्मा कापावा लागला, तेवढंच. बाळूचा आवाज खरोखरच मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करणाऱ्या एका पोराचा आहे. "महिन्याला!" तो ज्या त्रासिक सुरात म्हणतो, तसं कुठल्या कलाकाराला जमलं नसतं.

लाइटबिल घेऊन या म्हटल्याने दुकानात लोक खरंच बिलं घेऊन यायला लागले. सेल्समनला आम्ही एक छापील कागद दिला. त्यात तीनच रकाने: तुमचं महिन्याचं अंतर, तुमच्या गाडीचं ॲव्हरेज, आणि तुमच्या बिलावरचा सगळ्यात वरचा टप्पा. निवृत्त माणूस येतो, रोज आठ किलोमीटर म्हणतो. त्याची बचत महिन्याला सव्वाचारशे-साडेचारशे निघते आणि सेल्समनला ती तशीच लिहावी लागते. काही जण तो कागद घडी करून नेतात आणि पुन्हा येत नाहीत. ज्यांचं बिल शंभर युनिटांच्या आत आहे त्यांचा आकडा जाहिरातीपेक्षा चांगला येतो. ते मात्र हमखास दोनदा तपासून घेतात.

अडचण होते ती फ्लॅटवाल्यांची. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट ओढून घ्यावा लागतो, त्याच्या वायरिंगचा खर्च वेगळा. सोसायटीच्या सामाईक मीटरवरून चार्ज करायचं ठरलं तर दर सोसायटीच्या बिलावरून काढायचा, आणि ते बिल सेक्रेटरीकडून मिळवणं हे स्वतंत्र काम. त्या कागदावर यासाठी चौथा रकाना घालायचा आहे.

निवेदकाची दरांची ओळ मी पहिल्यापासून वेगळी फाइल करून ठेवली आहे. विजेचे दर बदलले की तेवढीच ओळ नव्याने रेकॉर्ड करायची आणि चारशे अजून चारशेच राहतात का ते बघायचं. नाही राहिले तर बाळूला परत बोलवावं लागेल, आणि त्याने पुढच्या वेळचे पैसे आधीच वाढवून मागितले आहेत.